नंबर नवा, निरोप जुन्या मालकाचे: बंद झालेला मोबाइल नंबर दुसऱ्याला मिळतो तेव्हा नेमकं काय होतं?

२०२५ च्या जूनअखेरीस छत्तीसगडमधल्या गरियाबंद जिल्ह्यातल्या एका तरुणाने नवं सिमकार्ड घेतलं. त्यावर व्हॉट्सअॅप सुरू केलं, तर प्रोफाइलला फोटो दिसला क्रिकेटपटू रजत पाटीदारचा. पाठोपाठ फोन यायला लागले. पलीकडचे लोक आपण विराट कोहली बोलतोय, एबी डिव्हिलियर्स बोलतोय असं सांगत होते. कुणीतरी चेष्टा करतंय असं समजून गावातल्या पोरांनीही तशीच उत्तरं दिली. जुलैच्या मध्यात खुद्द पाटीदारने फोन करून नंबर परत मागितला, तरी त्यांना खरं वाटलं नाही. शेवटी पोलीस दारात आले तेव्हा उलगडा झाला आणि नंबर मूळ मालकाकडे गेला.

यात त्या तरुणाने काहीच गैर केलं नव्हतं. पाटीदारचा नंबर बराच काळ वापरात नव्हता, म्हणून तो बंद झाला आणि नियमाप्रमाणे पुन्हा विक्रीला आला. बातमी लोकांनी मजा म्हणून वाचली. पण हेच सर्वसामान्य माणसांच्या बाबतीत रोज घडतं आणि त्यांच्या मदतीला पोलीस एवढ्या तत्परतेने येत नाहीत. अनोळखी माणसाच्या कर्जाच्या हप्त्यासाठी आपल्याला दमदाटीचे फोन येतात, नाहीतर आपल्या बँकेचे मेसेज कुणा तिसऱ्याच्या खिशात वाजतात. हे का होतं, ते मुळापासून पाहू.

## एकच नंबर पुन्हा पुन्हा का विकतात?

भारतात मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. दूरसंचार विभाग कंपन्यांना देशाच्या प्रत्येक भागासाठी नंबरांचे गठ्ठे वाटून देतो. कंपनीला सिम विकायचं ते त्याच साठ्यातून. देशात मोबाइल जोडण्या ११५ कोटींच्या आसपास आहेत. रोज असंख्य लोक कंपनी बदलतात, गाव बदलतात, दुसरं सिम सोडून देतात. हे सोडलेले नंबर कायमचे बाद केले तर साठा आटत जाईल. म्हणून ते काही काळ बाजूला ठेवतात आणि मग नव्या ग्राहकाला देतात.

भाड्याच्या खोलीसारखंच आहे हे. जुना भाडेकरू गेला, खोली काही दिवस कुलूपबंद राहिली, मग नवा आला. घरमालकाचा व्यवहार चोख आहे. पण जुन्या भाडेकरूने आपला नवा पत्ता ज्यांना कळवला नाही, ते सगळे त्याच दारावर टपाल टाकत राहतात. फरक एवढाच, की मोबाइल नंबराच्या पत्त्यावर नुसतं टपाल येत नाही, ओटीपीसुद्धा येतो. आणि ओटीपी मागणारं कोणतंही अॅप एवढंच तपासतं, की या क्षणी हे सिम कुणाच्या हातात आहे. तो माणूस कालचाच आहे का, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

## दोन वेगवेगळे ९० दिवस

या विषयातला सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. ‘९० दिवस’ हा आकडा दोन ठिकाणी येतो आणि लोक दोन्ही एकच समजतात.

समजा, सांगलीतल्या एका काकांनी आपल्या दुसऱ्या प्रीपेड सिमचा शेवटचा वापर १० जानेवारीला केला. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या नियमानुसार वापर नाही या कारणाखाली कंपनीला तो नंबर ९० दिवसांच्या आत बंद करता येत नाही, म्हणजे साधारण १० एप्रिलपर्यंत तो काकांचाच. सिममध्ये २० रुपये किंवा त्याहून जास्त शिल्लक असेल, तर तेवढे कापून कंपनीने आणखी ३० दिवस नंबर राखायचा असतो. त्यानंतरही १५ दिवसांची सवलत असते, त्यात काकांना आपला नंबर पुन्हा सुरू करून घेता येतो.

इथपर्यंतचे ९० दिवस हे ‘वापर नसला तरी नंबर तुमचाच’ असे. नंबर कायमचा बंद झाला की दुसरे ९० दिवस सुरू होतात. या काळात तो कुणालाच द्यायचा नाही, असा दंडक आहे. शिल्लक नसलेल्या सिमला सवलतीचे दिवस सोडून हिशेब केला, तर १० जानेवारीला गप्प झालेला नंबर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून कुणाच्याही हातात जाऊ शकतो. म्हणजे जेमतेम सहा महिने. काकांनी स्वतः अर्ज करून नंबर बंद करायला लावला असेल, तर पहिले ९० दिवसही नाहीत, थेट दुसरेच सुरू.

हे दुसरे ९० दिवस पुरेसे आहेत का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. बंद नंबर पुन्हा देऊच नयेत, अशी मागणी करणारी याचिका न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाली काढली. जुन्या ग्राहकाने त्या नंबराचं व्हॉट्सअॅप खातं काढून टाकावं, फोनमधला आणि क्लाउडवरचा डेटा पुसावा, म्हणजे त्याचा गैरवापर टळेल, अशी न्यायालयाची भूमिका होती. सोप्या शब्दांत, आवराआवर करायची ती सोडून जाणाऱ्याने. माझ्या मते इथेच खरी अडचण आहे. कारण बहुतेक माणसं नंबर ठरवून सोडत नाहीत. रिचार्ज राहून जातं, सिम खणात पडून राहतं आणि एक दिवस ते आपलं उरलेलं नसतं.

## सिम बंद, तरी व्हॉट्सअॅप चालू कसं?

व्हॉट्सअॅपला सिम लागतं ते नोंदणीच्या वेळी. त्या क्षणी ओटीपी जुळला की खातं सुरू होतं आणि पुढे ते इंटरनेटवर चालत राहतं. म्हणून सिम मेलेलं असलं तरी वायफायवर किंवा दुसऱ्या सिमच्या डेटावर व्हॉट्सअॅप महिनोन्‌महिने चालू शकतं. दूरसंचार कंपनीच्या लेखी नंबर निष्क्रिय आणि व्हॉट्सअॅपच्या लेखी खातं जिवंत. परदेशात राहणारी आपली किती तरी मुलंमुली भारतातला नंबर असाच चालवतात.

पुनर्वापरातल्या नंबरांचा गोंधळ टाळण्यासाठी व्हॉट्सअॅपचा एक नियम आहे: खातं ४५ दिवस वापरलं नसेल आणि मग दुसऱ्याच फोनवर सुरू झालं, तर जुन्या खात्याचा तपशील, म्हणजे फोटो वगैरे, पुसला जातो. बहुतेक वेळा हे काम करतं. पण जुना मालक सिमशिवाय व्हॉट्सअॅप वापरतच असेल, तर ४५ दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. मग नव्या मालकाने आपल्या फोनवर नोंदणी केली की तो थेट त्या चालू खात्यात येतो. फोटो जुना, ग्रुपही जुनेच. त्याच वेळी जुन्या मालकाच्या फोनवर, हा नंबर आता या फोनवर नोंदलेला नाही, अशी सूचना येते आणि तो बाहेर फेकला जातो. बोलणाऱ्या मित्रांना गप्पांमध्ये एक बारीक ओळ दिसू शकते, की या व्यक्तीचा सुरक्षा कोड बदलला आहे. ही ओळ फोन बदलल्यावरही येते, त्यामुळे सगळे ती नजरेआड करतात. पण एखादा मित्र अचानक वेगळ्याच भाषेत उत्तर देऊ लागला, तर आधी ही ओळ शोधावी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने अशा अॅप्सना आदेश दिले, की नोंदणीचं सिम फोनमध्ये असेल तरच अॅप चालावं. त्याने सिमशिवाय चालणाऱ्या खात्यांना आळा बसतो. पण खातं चालणं थांबलं म्हणजे ते मिटलं असं नव्हे, एवढं ध्यानात ठेवायला हवं.

## म्हणजे माझ्या जुन्या गप्पा तो वाचू शकतो?

व्हॉट्सअॅपच्या बाबतीत नाही. तिथल्या गप्पा फोनमध्ये साठवलेल्या असतात, किंवा तुमच्या गूगल अथवा अॅपल खात्यातल्या बॅकअपमध्ये. नंबर हाती आला म्हणून त्या मिळत नाहीत. मात्र यापुढे येणारे निरोप त्याला मिळतात. नात्यातल्या माणसांच्या फोनमध्ये तो नंबर अजून तुमच्याच नावाने असतो, हा त्यातला खरा धोका. ‘जरा अडचण आहे, दहा हजार पाठव’ असा निरोप तुमच्या नावाने आला, तर भाचा विचार न करता पाठवेल.

टेलिग्रामचं तसं नाही. तिथे नेहमीच्या गप्पा कंपनीच्या सर्व्हरवर असतात. खातं जिवंत असेल, जास्तीचा पासवर्ड लावलेला नसेल आणि एसएमएसने आलेला कोड नव्या मालकाला मिळाला, तर मागच्या गप्पाही त्याच्यासमोर उघडतात. दोन्ही अॅपमध्ये दुहेरी पडताळणी लावायची सोय आहे आणि ती लावायला मिनिटभर पुरतं. व्हॉट्सअॅपवर हा सहा आकडी पिन असतो. तो ठाऊक नसेल तर नव्या माणसाला सात दिवस थांबावं लागतं. तेवढ्या अवधीत जुन्या मालकाला हालचाल करता येते.

## नंबर टाकला आणि परक्याच्या घरात शिरलो

गप्पांपेक्षा मला जास्त काळजीचा वाटतो तो दुसरा प्रकार, कारण तो चालताबोलता घडतो. खरेदीची, टॅक्सीची, जेवण मागवायची किती तरी अॅप्स आता पासवर्ड विचारतच नाहीत. नंबर टाका, ओटीपी टाका, झालं. तिथे नंबर हेच खातं.

नव्या सिमवाला माणूस प्रामाणिकपणे नवं खातं काढायला जातो. ओटीपी त्याच्याच फोनवर येतो, तो टाकतो, आणि पडद्यावर ‘नमस्कार’च्या पुढे भलत्याच बाईचं नाव येतं. खाली तिच्या घराचा पत्ता, इमारत आणि मजल्यासकट. मागच्या ऑर्डरी, माहेरचा पत्ता, कार्यालयाचा पत्ता. हा माणूस सज्जन असेल तर गडबडून बाहेर पडेल. नसेल तर? त्या बाईला काही घडल्याचा पत्ताही लागणार नाही, कारण तिच्या फोनवर ते अॅप पूर्वीसारखंच चालू असू शकतं.

आणि हे योगायोगानेच घडतं असंही नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये तिथल्या दोन मोठ्या कंपन्यांकडे नव्या ग्राहकांसाठी उपलब्ध असलेले २५९ नंबर तपासले. त्यांतल्या १७१ नंबरांना लोकप्रिय संकेतस्थळांवरची जुनी खाती जोडलेली होती. नंबर विकत घेण्याआधीच हे कळत होतं. म्हणजे वाईट हेतूचा माणूस यादीतून चाळून, हवा तो नंबर निवडून घेऊ शकतो.

हीच युक्ती चांगल्या कामालाही येते. दुकानदाराने निवडायला चार नंबर दाखवले, तर ते आधी आपल्या फोनमध्ये जतन करून व्हॉट्सअॅपवर पाहावेत. कुणाचा फोटो दिसला, तर तो नंबर सोडून दुसरा घ्यावा.

## बँकेतले पैसे जातील का?

नुसत्या नंबरावर सहसा जात नाहीत. पण कुंपण कुठे आहे ते समजून घ्या.

यूपीआय अॅप सुरू करताना फोनमधून एक एसएमएस आपोआप जातो आणि हे सिम याच फोनमध्ये आहे, याची खात्री होते. मग तुम्ही बँक निवडता आणि त्या बँकेत या नंबराला जोडलेली खाती समोर येतात. सांगलीच्या काकांनी बँकेत नंबर बदलला नसेल, तर नव्या मालकाला काकांच्या खात्याचे शेवटचे आकडे दिसू शकतात. इथवर तो नंबराच्या जोरावर पोहोचतो. पुढे यूपीआय पिन ठरवायला डेबिट कार्डचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते. ते त्याच्याकडे नसतं.

दुसरा रस्ता आधारचा आहे. त्यात आधार क्रमांकाचे पहिले सहा आकडे आणि ओटीपी लागतात. काकांच्या आधारलाही तोच जुना नंबर असेल, तर ते ओटीपीदेखील परक्याच्याच हातात. आणि आधारच्या छायाप्रती आपण लॉजपासून सिमच्या दुकानापर्यंत कुठे कुठे दिलेल्या असतात, ते आठवून पाहा. म्हणून बँक आणि आधार, दोन्हीकडे जुना नंबर राहणं हे एकेकट्या चुकीपेक्षा फार वाईट.

## पण बँकेला कळत नाही का, की नंबर बंद झालाय?

आता कळायला हवं. कायमच्या बंद झालेल्या नंबरांची एक यादी सरकारी यंत्रणा ठेवते आणि ती बँकांना मिळते. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या यादीचा वापर करून ग्राहकांचे नंबर तपासायला सांगितलं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बँका आणि यूपीआय अॅप्सना आठवड्यातून किमान एकदा आपली नोंद दुरुस्त करायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ मार्च २०२५ ची मुदत दिली. वर्षभर व्यवहार नसलेले यूपीआय आयडी बंद करण्याची सूचना त्याआधी, नोव्हेंबर २०२३ मध्येच आली होती.

तरी दोन मर्यादा राहतात. पहिली तारखेची. यादी सांगते की अमुक नंबर अमुक दिवशी बंद झाला. पण तोच नंबर काही महिन्यांनी नव्या माणसाकडे जातो आणि तो कदाचित त्याच बँकेत खातं काढतो. मग बँकेला पाहावं लागतं, की आपल्याकडे हा नंबर नोंदला गेला तो बंद होण्याच्या आधी की नंतर. आधी असेल तर जुना मालक, नंतर असेल तर नवा. नुसते आकडे जुळवले, तर बिचाऱ्या नव्या मालकाचंच खातं अडकायचं.

दुसरी मर्यादा त्याहून मोठी. ही यादी बँकांसाठी आहे. शाळेचं कार्यालय, गॅस एजन्सी, दवाखाना, सोसायटीचं अॅप यांना त्याची गंधवार्ताही नसते. सिलिंडर घरपोच येताना सांगायचा चार आकडी कोड जुन्याच नंबरावर जातो. काकांच्या दारात माणूस सिलिंडर घेऊन उभा आणि कोड वाजतोय कुठे तरी परभणीत.

## असा नंबर माझ्याच वाट्याला आला तर?

आधी, माझ्या खात्याचा ओटीपी तुमच्याकडे आलाय, तेवढा सांगा, असं कुणी कितीही काकुळतीने म्हणालं तरी सांगू नका. तो खरोखरच जुना मालक आहे का, हे फोनवर कळू शकत नाही. खरा असेल तर त्याला बँकेत जाऊन नंबर बदलता येतो, एवढं त्याला नीट सांगा.

बँकेचे मेसेज येत असतील, तर त्या बँकेला ईमेलने किंवा शाखेत लेखी कळवा, की हा नंबर अमुक तारखेपासून माझ्या नावावर आहे. सिम घेतल्याची पावती किंवा कंपनीचा स्वागताचा मेसेज पुरावा म्हणून जोडा. फोनवर सांगितलं तर ‘खातेदारानेच अर्ज करायला हवा’ असं उत्तर मिळण्याची शक्यता असते, लेखी तक्रारीला मात्र क्रमांक मिळतो. वसुलीवाले फोन करत असतील, तर हेच पत्र त्यांनाही दाखवता येतं.

व्हॉट्सअॅपवर जुना फोटो आणि ग्रुप दिसले, तर फोटो काढा, ग्रुपमधून बाहेर पडा आणि लगेच स्वतःचा पिन लावा. एखाद्या अॅपमध्ये परक्याचं खातं उघडलं तर आत फिरू नका. त्या कंपनीच्या मदतकक्षाला कळवून खातं वेगळं करून घ्या. दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ग (इंग्रजीत 66C) खाली गुन्हा आहे आणि ‘नंबर तर माझाच होता’ हा बचाव तिथे पुरणार नाही.

## नंबर सोडायचाच असेल तर

क्रम महत्त्वाचा आहे आणि जुनं सिम चालू असतानाच सगळं उरकायला हवं, कारण बदलाचा ओटीपी बहुतेक ठिकाणी जुन्याच नंबरावर येतो. सुरुवात ईमेलपासून करा. पासवर्ड विसरल्यावर बाकीची सगळी खाती ईमेलच्याच आधाराने परत मिळतात, त्यामुळे तिथला जुना नंबर सर्वांत आधी निघायला हवा. मग आधार, मग बँक. आधारला कोणता नंबर जोडला आहे हे आठवत नसेल, तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर Verify Email/Mobile या सोयीत आपला आधार क्रमांक आणि नंबर टाकून तपासता येतं. व्हॉट्सअॅपमध्ये सेटिंग्जमधल्या Account खाली Change number आहे. ते वापरलं की खातं आणि ग्रुप नव्या नंबरावर जातात आणि जुन्या नंबराखाली काही उरत नाही. नुसतं अॅप काढून टाकलं तर खातं मागे राहतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

बाकीची खाती शोधायची एक सोपी रीत म्हणजे त्या सिमवर गेल्या वर्षभरात आलेले एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाने चाळणं. ज्यांचा मेसेज आला, त्यांच्याकडे नंबर आहे. विमा, भविष्य निर्वाह निधी, म्युच्युअल फंड यांची आठवण बहुधा इथेच होते.

घरातलं कुणी वारलं, तर हे काम सगळ्यांत जास्त राहून जातं. दुःखात असताना सिमच्या रिचार्जकडे कुणाचं लक्ष असणार! पण वडिलांच्या पेन्शनचं खातं, मुदत ठेवी, विजेचं मीटर, घरपट्टी, सगळ्याचे निरोप त्याच नंबरावर येत असतात आणि सहा महिन्यांनी ते परक्याकडे जाऊ लागतील. सिम निदान वर्षभर रिचार्ज करून चालू ठेवावं. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं कंपनीच्या दुकानात दिली, की नंबर रीतसर वारसाच्या नावावर करून मिळतो. वडिलांचा नंबर असा आईच्या नावावर झाला, की बँकेतली वारसनोंद होईपर्यंत येणारा प्रत्येक मेसेज घरातच पोहोचतो.